ऑगस्टसचे वय किती?

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचा जन्म इ.स.पू. ६३ मध्ये २३ सप्टेंबरला झाला आणि मृत्यू इ.स. १४ मध्ये १९ ऑगस्टला. ६३ आणि १४ मिळवून त्याचे वय ७७ सांगितले, तर हिशेब चुकतो.

कारण इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणजे इ.स.पू. १ मधल्या वाढदिवसापासून इ.स. १ मधल्या वाढदिवसापर्यंत एकच वर्ष जाते, बेरजेत मात्र दोन धरली जातात. म्हणून बेरजेतून एक वजा करायचा: ७६. पण हा आकडाही अखेरचा नव्हे. ऑगस्टस त्या वर्षीच्या वाढदिवसाआधीच वारला, तेव्हा आणखी एक वजा करून पूर्ण वर्षे ७५ उरतात. पडताळाही मिळतो: शहात्तर वर्षांना पस्तीस दिवस कमी असताना तो गेला, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस नोंदवतो. १९ ऑगस्ट ते २३ सप्टेंबर हे अंतर नेमके तेवढेच आहे.

खगोलशास्त्रज्ञ इ.स.पू. १ ला शून्य आणि इ.स.पू. ६३ ला उणे ६२ म्हणतात. तिथे साधी वजाबाकी पुरते. मात्र उणे ६३ लिहिले की चूक परत शिरते.

जन्म-मृत्यू दोन्ही इसवी सनापूर्वीचे असले, तर हा एक वजा करायचा नाही. ज्युलियस सीझर इ.स.पू. १०० च्या जुलैत जन्मला, इ.स.पू. ४४ च्या मार्चमध्ये मारला गेला. वजाबाकी ५६, वाढदिवस यायचा होता, म्हणून वय ५५.

जन्माचे फक्त वर्षच ठाऊक असेल, तर दोन लागोपाठचे आकडे देणेच प्रामाणिक.