पिवळ्या जाळीवर थांबलेली गाडी

लंडनमध्ये गाडी चालवणाऱ्या मराठी कुटुंबाच्या घरी पालिकेचं जे पाकीट कधी ना कधी येतं, त्यात गाडीचे दोन-तीन फोटो, १६० पौंडांचा आकडा आणि `31J` असा कोड असतो. ३१ म्हणजे चौकातल्या पिवळ्या जाळीच्या चौकोनात गाडी थांबवणं. शेवटच्या J चा अर्थ, हे कॅमेऱ्याने टिपलंय. बसच्या लेनसाठी ३४, मनाई असलेल्या वळणासाठी ५०.

फोटोत गाडी जाळीवर उभी दिसते, म्हणून बहुतेक लोक मुकाट्याने पैसे भरतात. पण नुसतं जाळीवर थांबणं हा गुन्हा नाही. पुढे उभ्या असलेल्या गाड्यांमुळे थांबावं लागेल अशा रीतीने जाळीत शिरणं, हा नियमाचा भंग आहे. थांबण्याचं कारण काय, हे स्थिर फोटोतून कळत नाही. म्हणून नोटिशीवरचा क्रमांक आणि गाडीचा नंबर टाकून पालिकेच्या संकेतस्थळावर व्हिडिओ आधी बघावा.

समजा, एक गाडी उजवीकडे वळायला जाळीत शिरली. तिला वळून जायचं तो रस्ता मोकळा आहे, पण समोरून गाड्या येतच आहेत, म्हणून ती थांबली. याला नियमातच सूट आहे. रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी थांबलेली गाडीही या नियमात बसत नाही. मात्र वळून जायचा रस्ताच गाड्यांनी तुंबलेला असेल आणि शेपूट जाळीत राहिली असेल, तर दंड रास्त आहे. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

आता तारखा. मुदत नोटिशीच्या तारखेपासून मोजतात आणि तो दिवसही धरतात. ३ मार्चची नोटीस असेल तर १६ मार्चपर्यंत अर्धी रक्कम, म्हणजे ८० पौंड भरून सुटका होते. ३० मार्चपर्यंत पूर्ण रक्कम भरायची किंवा लेखी हरकत घ्यायची. दोन्ही केलं नाही तर दंड दीडपट, २४० पौंड होतो आणि पुढे वसुली न्यायालयामार्फत होऊ शकते.

पैसे भरले की प्रकरण मिटलं, मग हरकत घेता येत नाही. हा फौजदारी गुन्हा नसल्याने लायसन्सवर गुणही चढत नाहीत.

हरकतीत रागराग, घाई, कामावरचा उशीर यांची कहाणी लिहून उपयोग नाही. "व्हिडिओत अमुक सेकंदाला समोरून गाडी येताना दिसते, उजवीकडचा रस्ता मोकळा आहे," एवढं नेमकं लिहावं. पहिल्या चौदा दिवसांत हरकत पाठवली तर ती फेटाळतानाही पालिका बहुधा अर्ध्या रकमेची सवलत पुन्हा देते.

फेटाळल्याच्या पत्रानंतर २८ दिवसांत 'लंडन ट्रायब्युनल्स'कडे अपील करता येतं. तिथे निर्णय देणारे पालिकेचे नोकर नसून स्वतंत्र वकील असतात, ते तोच व्हिडिओ बघतात आणि अपिलाला फी नाही.