शीटमधला डॉलर खरा किती?

परदेशी गिऱ्हाइकांसाठी घरून काम करणाऱ्यांच्या हिशेबात हल्ली गूगल शीट असतंच. बिल डॉलरमध्ये आणि घरखर्च रुपयांत, त्यामुळे दराचा एक रकाना लागतो. त्यात कुणीतरी सांगितलेलं एका ओळीचं सूत्र टाकलं जातं:

```
=GOOGLEFINANCE("CURRENCY:USDINR")
```

आकडा लगेच येतो. पुढे एखाद्या सकाळी त्या जागी `#N/A` दिसतं, किंवा आकडा असतो पण दोन दिवस हललेला नसतो. पहिल्या प्रकाराने माणूस वैतागतो, दुसरा त्याच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते काळजी दुसऱ्याचीच करावी. `#N/A` म्हणजे शीट निदान कबूल करते की माझ्याकडे दर नाही. शिळा आकडा असली कबुली देत नाही.

आधी चुकांकडे पाहू. `#ERROR!` दिसलं तर बहुधा सूत्र लिहिण्यातच गडबड असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून उचललेल्या सूत्रात सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं आलेली असतात आणि ती शीटला कळत नाहीत. सूत्र हाताने पुन्हा टाइप केलं की भागतं. `#N/A` मात्र दोन्हीकडून येऊ शकतं. चलनाची जोडी तुम्ही चुकीची लिहिलेली असेल किंवा गूगलकडूनच त्या क्षणी माहिती आली नसेल. शहानिशा करायला रिकाम्या चौकटीत `CURRENCY:EURUSD` या जोडीचा दर मागवून पाहा. तो आला तर तुमच्या जोडीचं स्पेलिंग तपासा. स्पेलिंग बरोबर असेल, किंवा युरोचा दरही येत नसेल, तर अडचण गूगलच्या बाजूला आहे. मग सूत्राची मोडतोड न करता थांबावं. शेकडो ओळींत प्रत्येक ठिकाणी हेच सूत्र असेल तर `Loading...` वर अडकण्याची शक्यता वाढते. दर एकाच चौकटीत मागवावा आणि बाकीच्या ओळींनी तिथून घ्यावा.

आता खरा घोळ. `#N/A` नको म्हणून पुष्कळ जण सूत्राला `IFERROR` चं वेष्टण घालतात आणि शेवटी एक आकडा ठेवून देतात:

```
=IFERROR(GOOGLEFINANCE("CURRENCY:USDINR"), 83)
```

समजा, पुण्यातल्या एका अनुवादिकेने २०२४ च्या सुरुवातीला हे लिहिलं. तेव्हा डॉलर ८३ रुपयांच्या आसपासच होता, म्हणून तो आकडा शोभलाही. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपये ओलांडले. त्या सुमारास एका सकाळी गूगलकडून दर आला नाही आणि शीटने निमूटपणे ८३ धरला. १,२०० डॉलरचं बिल ९९,६०० रुपयांचं दिसलं. ९० च्या दराने ते १,०८,००० व्हायला हवं. ८,४०० रुपयांचा फरक, आणि पडद्यावर लाल खूण नाही की काही नाही. चूक लपवायचीच असेल तर आकड्याऐवजी "दर नाही" असे शब्द तरी दाखवावेत.

ताजेपणाचीही एक फसवी खूण आहे. दराशेजारी `NOW()` टाकून लोक समाधान मानतात, पण ते घड्याळ शीटचं असतं, दराचं नसतं. File मधल्या Settings मध्ये दर मिनिटाला हिशेब करण्याची सोय आहे, तीही `NOW`, `TODAY`, `RAND` अशा सूत्रांसाठी. गूगलचं स्वतःचं म्हणणं असं की दर वीस मिनिटांपर्यंत मागे असू शकतो आणि तो व्यवहारासाठी नाही, माहितीपुरता आहे. शिवाय शनिवारी-रविवारी चलनबाजार बंद असतो, तेव्हा आकडा न हलणं हा दोष नव्हेच.

उलट, बाजार बंद असताना आकडा हलला तर दचकावं. १ जानेवारी २०२४ ला पोलंडमध्ये असंच झालं. सुट्टीच्या दिवशी गूगलच्या शोधपानावर डॉलर पाच झ्लॉटींच्या वर दिसू लागला; प्रत्यक्षात तो चारच्याही खाली होता. अर्थमंत्री आंजेय दोमान्स्की यांना लोकांना शांत राहा असं सांगावं लागलं. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी ब्राझीलमध्ये डॉलरचा असाच फुगलेला दर दिसला. तो गोंधळ शोधपानावरचा होता, शीटमधला नव्हे. पण ताजा दिसणारा आकडाही खोटा असू शकतो, हे त्यातून दिसलं.

जुन्या ओळींचा प्रश्न वेगळा आहे. वरचं साधं सूत्र आजचा दर देतं, त्यामुळे एप्रिलच्या बिलाचे रुपये जूनमध्येही रोज बदलत राहतात. त्यासाठी तारखेचा दर मागवावा लागतो. पण तारीख दिली की उत्तर एका आकड्याऐवजी चार चौकटींचं येतं: वर दोन मथळे, खाली तारीख आणि दर. शेजारच्या चौकटी भरलेल्या असल्या की `#REF!` उमटतं. बहुतेक जण `INDEX` वापरून फक्त दर उचलतात आणि तारीख फेकून देतात. माझा सल्ला उलटा आहे: तारीख ठेवाच. पैसे आल्याची तारीख A2 मध्ये असेल तर B2 मध्ये असं लिहा आणि C2 रिकामी ठेवा:

```
=LET(t, GOOGLEFINANCE("CURRENCY:USDINR",
 "price", A2-6, A2+1), INDEX(t, ROWS(t), 0))
```

हे सूत्र आठवड्याभराचे दर मागवतं आणि त्यातली शेवटची ओळ उचलतं. B2 मध्ये दराची तारीख येते, C2 मध्ये दर. B2 मध्ये ४५ हजारांच्या पुढचा विचित्र आकडा दिसला तर Format मधून त्याला तारखेचं रूप द्या. समजा, पैसे १४ एप्रिल २०२४ ला आले. तो रविवार होता. शेजारी कोणत्या दिवसाचा दर आला ते आता दिसतं. रविवारचीच तारीख आली तरी शुक्रवारी बाजार बंद होतानाचाच दर पुढे आलेला असणार, हे ध्यानात ठेवावं. आणि दोन तारखांत तीन-चार दिवसांहून जास्त अंतर पडलं, तर त्या ओळीकडे पुन्हा पाहावं.

आकडे पटले की ते गोठवून टाका. दोन्ही चौकटी कॉपी करा आणि त्याच जागी `Ctrl+Shift+V` दाबा. सूत्र जातं, आकडा राहतो. याला आणखी एक कारण आहे. अशा मागील तारखांच्या दरांना गूगल शीटबाहेर जाऊ देत नाही. फाइल उतरवली किंवा स्क्रिप्टने वाचली की त्या जागी `#N/A` येतं. मार्चअखेरीला सीएंना पाठवलेल्या फाइलमध्ये दराचा रकाना असा निघण्याचं कारण बहुधा हेच असतं.

आणि सीएंचा विषय निघालाच आहे तर: प्राप्तिकरासाठी हा दर मुळात चालतच नाही. प्राप्तिकराचे नियम परकी चलनातल्या उत्पन्नासाठी स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट धरायला सांगतात. तो बँकेचा खरेदीचा दर असतो, गूगलवरच्या दरापेक्षा सहसा थोडा कमी. घरचा अंदाज बांधायला गूगलचा आकडा पुरतो. विवरणपत्रासाठी मात्र स्टेट बँकेच्या दरपत्रकाची पीडीएफ वेळच्या वेळी उतरवून ठेवा. मागाहून शोधत बसणं अवघड जातं.