लवकर पैसे द्या, सूट घ्या: पण आपला नफा वाचवणारं पत्र कसं लिहायचं?

आजचा विषय आहे उधारीचा. म्हणजे माल गेला, बिल गेलं, पण पैसे काही येत नाहीत, त्या गोष्टीचा. उदाहरण आपल्या बीडचंच घेऊ: सीताफळाचा गर काढणारं एक छोटं युनिट.

बालाघाटच्या डोंगररांगांत, धारूरकडे वगैरे सीताफळ किती होतं ते तुम्हाला माहीतच आहे. 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे फळ थांबत नाही. तोडलं की दोन-चार दिवसांत पिकतं, म्हणून शेतकऱ्याला पैसे लगेच द्यावे लागतात. गर मात्र गोठवून ठेवायचा, पुण्याच्या आइस्क्रीमवाल्याला पाठवायचा आणि पैशांची 45 दिवस वाट बघायची. मधल्या काळात बँकेचं कॅश क्रेडिट वापरायचं आणि त्यावर व्याज भरायचं.

अशा वेळी डोक्यात येतं, "चला, 10 दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सूट देऊ." थांबा! पत्र लिहायच्या आधी एक हिशेब करू.

धरून चालू की जीएसटी सोडून बिल 1,00,000 रुपयांचं आहे. सगळा खर्च आणि 45 दिवसांचं व्याज वजा जाता आपल्याला 8,000 रुपये उरतात. आता 2 टक्के म्हणजे 2,000 रुपये. ऐकायला 2 टक्के, पण नफ्यातला चौथा हिस्सा गेला ना!

बदल्यात मिळालं काय? 45 ऐवजी 10 दिवसांत पैसे आले, म्हणजे 35 दिवस वाचले. बँकेचा दर वर्षाला 12 टक्के असेल तर लाखावर 35 दिवसांचं व्याज होतं साधारण 1,150 रुपये. म्हणजे 1,150 वाचवायला आपण 2,000 दिले. नफा 8,000 वरून 7,150 वर आला. 1 टक्का सूट दिली असती तर 1,000 गेले असते, 1,150 वाचले असते आणि नफा 8,150 झाला असता. फरक थोडा वाटेल, पण एकात खिशातून जातंय आणि दुसऱ्यात खिशात येतंय.

आता समोरच्याच्या बाजूने बघा. त्याला बँक 9 टक्क्यांनी पैसे देत असेल, तर 35 दिवस आधी पैसे देणं त्याला साधारण 860 रुपयांना पडतं. आपण 1,000 देतोय, म्हणजे त्याचाही फायदा. त्याचे 860 आणि आपले 1,150, सूट या दोन आकड्यांच्या मध्ये बसली पाहिजे. आणि ज्या दुकानदाराला पैसे आपल्यापेक्षा महाग पडतात, त्याला 1 टक्का दाखवून उपयोग नाही. तो घेणारच नाही.

अजून एक गोम आहे. दिवस मोजायचे ते बिलावरचे नाही, खरे. खातं उघडा आणि प्रत्येक ग्राहकाचे पैसे मागच्या वर्षी नक्की कितव्या दिवशी आले ते बघा. जो ग्राहक आताच 20 व्या दिवशी देतो, त्याच्याकडून फक्त 10 दिवस वाचतात, म्हणजे लाखाला 330 रुपये. त्याला 1,000 रुपये सूट देणं म्हणजे निव्वळ भाव कमी करणं. म्हणून हे पत्र सगळ्यांना सरसकट व्हॉट्सॲप करू नका. जे उशिरा देतात पण ज्यांच्याकडे पैसा आहे, त्यांनाच पाठवा.

आणि हो, हंगामात बँकेची मर्यादा संपली आणि बाहेरून महिना शेकडा दोनने पैसे उचलावे लागले, तर तेच 35 दिवस लाखाला 2,300 रुपयांना पडतात. तेव्हा 2 टक्केही परवडतात. पण तेवढ्याच महिन्यांपुरते. म्हणून पत्रात शेवटची तारीख हवीच.

आता पत्र. मी असं लिहीन:

"विषय: हंगामातील बिलांवर लवकर पेमेंटची सूट

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या बिलांची मुदत माल पोहोचल्यापासून 45 दिवस आहे. ती आणि ठरलेला भाव तसाच राहील. 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या काळातील बिलांवर, माल पोहोचल्यापासून 10 दिवसांच्या आत बिलाची पूर्ण रक्कम आमच्या खात्यात जमा झाल्यास, जीएसटीपूर्व रकमेवर 1 टक्का सूट देऊ. जीएसटी पूर्ण भरावा. उदाहरणार्थ, 1,00,000 रुपयांच्या बिलावर 99,000 रुपये आणि पूर्ण जीएसटी. सुटीची क्रेडिट नोट आम्ही पाठवू.

आधीचं कोणतंही बिल मुदतीबाहेर थकलेलं असल्यास ही सूट लागू होणार नाही. 11 व्या दिवसापासून पूर्ण रक्कम देय राहील. मालाबद्दल तक्रार असल्यास 3 दिवसांत कळवावं.

आपला विश्वासू"

यातला प्रत्येक शब्द कशासाठी आहे? "खात्यात जमा" लिहिलं नाही, तर नवव्या दिवशीची तारीख टाकलेला चेक विसाव्या दिवशी हातात येतो. "पूर्ण रक्कम" नसेल तर अर्धे पैसे देऊन पूर्ण बिलाची सूट कापली जाते. "जीएसटीपूर्व" नसेल तर सरकारला भरायच्या रकमेवरही आपण सूट देऊन बसतो. क्रेडिट नोट इथे साधी, जीएसटीला हात न लावणारी द्यायची. आपण कर पूर्ण भरतो आणि ग्राहकाचं इनपुट क्रेडिट कमी होत नाही. तुमच्या सीएला एकदा दाखवून घ्या.

आणि 45 दिवसच का? युनिटची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. पुढे उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज मागता येतं. म्हणून आपल्याच पत्रात 60 किंवा 90 दिवस लिहून स्वतःची बाजू कच्ची करू नका.

खरी परीक्षा चौदाव्या दिवशी होते. पैसे येतात, पण 1,000 कापून! तेव्हा गप्प बसलात तर पुढच्या बिलापासून तुमचे 10 दिवस 14 होतात, मग 25. त्याच दिवशी फोन करायचा: "साहेब, पैसे मिळाले, धन्यवाद. पण मुदत दहा तारखेला संपली होती, तेवढे हजार रुपये पुढच्या बिलात जोडतोय." आवाज गोड ठेवा, पण वसूल करा.

डिसेंबर संपला की खातं पुन्हा उघडा. सूट घेणाऱ्यांचे पैसे आधी कितव्या दिवशी यायचे आणि आता कितव्या दिवशी येतात, हे शेजारी शेजारी लिहा. दिवस खरोखर घटले असतील, तर पुढच्या हंगामात पत्र पुन्हा पाठवा. नसतील घटले, तर तारीख संपलेलीच आहे, सूट आपोआप बंद!