तक्रार लिहा, तक्रारदार नको

कर्ज देणाऱ्या एखाद्या अ‍ॅपच्या ग्राहकसेवेत फोन येतो : "पॅन टाकला की केवायसी पुढे सरकतच नाही." फोन घेणारी मुलगी ट्रॅकर उघडते, म्हणजे सगळ्या तक्रारी जिथे नोंदल्या जातात ती जिरासारखी सामाईक यंत्रणा, आणि तिकीट लिहायला घेते. ग्राहकाचे पूर्ण नाव, मोबाइल, पॅन, जन्मतारीख, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेला पॅनकार्डाचा फोटो. तिच्या परीने काम चोख झाले. 'माहिती अपुरी' असा शेरा मारून तिकीट परत आलेले कोणाला आवडते?

हीच माहिती कंपनीच्या मुख्य डेटाबेसमध्ये पाहायची तर परवानगी लागते आणि कोणी पाहिली याची नोंद राहते. ट्रॅकर मात्र सगळ्यांनी पाहावे म्हणूनच असतो. टेस्टर, कंत्राटी प्रोग्रामर, बाहेरच्या कंपनीचे सल्लागार, दोन वर्षांनी रुजू होणारा नवा माणूस, सगळ्यांना ते तिकीट दिसते. तिजोरीतला ऐवज ओसरीवर मांडला, आणि तोही कोणाच्या वाईट हेतूने नव्हे.

जोडलेल्या फाइलींचा धोका याहून मोठा, कारण त्यांत काय काय आहे हे जोडणाऱ्यालाही ठाऊक नसते. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ओक्टा या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत हे जगाला दिसले. लॉगिनची व्यवस्था पुरवणे हा तिचा धंदा. काही बिघडले की तिचे लोक ग्राहक-कंपन्यांकडून HAR फाइल मागवत. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला सगळा संवाद त्या फाइलीत उतरलेला असतो, आणि त्यातच लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकीही असतात. अशी कुकी हाती आली की पासवर्डची गरज उरत नाही. चोर ओक्टाच्या तक्रार-यंत्रणेत शिरले आणि 134 ग्राहक-कंपन्यांच्या फाइलींपर्यंत पोचले; त्यांपैकी पाच कंपन्यांची चालू लॉगिन त्यांनी बळकावली. बियॉन्डट्रस्ट या कंपनीच्या अ‍ॅडमिनने फाइल चढवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तिच्यातली कुकी वापरली गेली. पुढे क्रोमने HAR फाइल साठवताना अशा कुकी आपोआप वगळायला सुरुवात केली.

मग तिकिटात लिहायचे काय? आपल्या तक्रारीचेच पाहू. समजा, ग्राहकाच्या नावात आद्याक्षरांपुढे टिंबे आहेत आणि अ‍ॅपची चौकट टिंब स्वीकारत नाही. प्रोग्रामरला त्या माणसाशी कर्तव्य नाही, त्याच्या नावाच्या ठेवणीशी आहे. तेव्हा वर्णन असे होईल :

```
नाव: A. B. Namune   पॅन: AAAPN0000A (दोन्ही बनावट)
'पुढे' दाबल्यावर: "Invalid name"
टिंबे काढली की चालते.
```

बनावट पॅनही विचार करूनच बनवावा लागतो. पाच अक्षरे, चार आकडे, एक अक्षर हा त्याचा साचा. चौथे अक्षर P म्हणजे पॅनधारक व्यक्ती आहे, कंपनी नव्हे, आणि पाचवे अक्षर आडनावाचे पहिले. वाटेल ते ठोकून दिले तर अ‍ॅप दुसऱ्याच कारणाने अडेल आणि प्रोग्रामर भलत्याच बिघाडामागे धावेल. आकडे 0001 पासून सुरू होतात, म्हणून 0000 असलेला पॅन खऱ्या कोणाचा निघत नाही.

कधी कधी कारणच उमगत नाही आणि खरी नोंद पाहिल्याशिवाय गत्यंतर नसते. अशा वेळी तिकिटात फक्त कंपनीचा अंतर्गत ग्राहक-क्रमांक आणि घटनेची वेळ लिहावी. ज्याला परवानगी आहे तो मुख्य यंत्रणेत जाऊन नोंद पाहील, आणि पाहिल्याची खूण राहील. हा क्रमांकही व्यक्तीपर्यंत नेतोच, पण ज्याच्याकडे मुख्य यंत्रणेची किल्ली नाही त्याला तो निरुपयोगी. स्क्रीनशॉट द्यायचाच असेल तर चुकीचा संदेश दिसेल तेवढाच तुकडा कापावा. आणि वरची पत्त्याची पट्टी विसरू नये. मोबाइल क्रमांक बरेचदा तिथेच बसलेला असतो.

"नंतर पुसू की" हे उत्तर फारसे चालत नाही. जिरामध्ये वर्णन बदलले तरी जुना मजकूर इतिहासाच्या पानावर राहतो. तिकीट उघडताच गेलेल्या ईमेलही लोकांच्या पेटीत पडून असतात. म्हणून स्वच्छ मजकुराचे नवे तिकीट काढून जुने मुळासकट डिलीट करावे, ईमेल शोधून काढाव्यात आणि कंपनीत माहिती-सुरक्षा ज्याच्याकडे आहे त्याला कळवावे. कुकी गेली असेल तर सगळीकडून लॉगआउट करून ती निकामी करता येते. पॅन आणि जन्मतारीख यांच्या बाबतीत तशी सोय नाही.

काही कंपन्या तिकीट जमा होण्याआधी मजकूर तपासणारी चाळणी बसवतात. पॅनचा साचा ठरलेला असल्याने मजकुरातला पॅन ती सहज पकडते. नाव, पत्ता किंवा "त्यांच्या बायकोचे ऑपरेशन झाले म्हणून कर्ज हवे होते" हे वाक्य मात्र तिच्यातून निसटते, कारण त्यांना कसलाच साचा नसतो. त्यापेक्षा मला तिकिटाचा अर्जच बदलणे जास्त कामाचे वाटते. 'वर्णन' असा मोकळा चौकोन देण्याऐवजी काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, एवढेच विचारावे. फोन घेणाऱ्या मुलीला मग ग्राहकाचे नाव लिहायला जागाच उरत नाही.