लेण्याद्री आणि दाऱ्या घाट

जुन्नर-आंबेगावातली मुले ‘लेण्याद्री’ सहज बोलतात. नव्याने वाचताना मात्र ‘लेणयादरी’ म्हणतात. म्हणून मी शब्दपट्ट्या उच्चारावरून जुळवून घेतो. ‘ण’च्या पट्टीची शेवटची उभी दांडी मागे दुमडून ‘या’ जोडला की ‘ण्या’ झाला. ‘द’ला अशी दांडी नाही, तिथे ‘द्’ आणि ‘री’ शेजारी मांडून, उच्चारून, मग ‘द्री’ची तयार पट्टी द्यावी लागते.

खरी अडचण ‘र’ची. ‘दर्या’ आणि इथला ‘दाऱ्या घाट’, दोन्हींत पट्ट्या ‘र्’ आणि ‘या’ याच. टाळी देऊन म्हणवले, की ‘दर्-या’ आणि ‘दा-ऱ्या’ वेगळे तुटतात. ‘र्’ मागच्या अक्षराला टेकला तर रफार, पुढच्याला चिकटला तर ‘ऱ्य’. हा निवाडा पट्टी करत नाही, कानच करतो.