बायोप्सीच्या अहवालातील ‘मेटाप्लेशिया’ : भीती किती, दक्षता किती?

कर्जतच्या बाजारपेठेत किराण्याचे दुकान चालविणाऱ्या एका ५८ वर्षांच्या गृहस्थांचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. अनेक वर्षांची आम्लपित्ताची तक्रार, जेवणानंतर पोट जड होणे आणि अलीकडे जाणवणारा थकवा यांमुळे डॉक्टरांनी दुर्बिणीतून जठराची तपासणी सुचविली. सकाळच्या लोकलने कल्याणला जाऊन एंडोस्कोपी झाली, अस्तराचे दोन-तीन बारीक तुकडे काढले गेले आणि आठवड्याने अहवाल आला. त्यात लिहिले होते : जुनाट जठरदाह, इंटेस्टाइनल मेटाप्लेशिया, डिस्प्लेशिया नाही. मुलाने मोबाईलवर शब्दांचा अर्थ शोधला, तेव्हा पहिल्याच ओळीत ‘कर्करोगपूर्व स्थिती’ असे दिसले. त्या रात्री घरात कोणाला झोप लागली नाही.

असा कागद हाती आल्यावर कुटुंबे सहसा दोन टोकांपैकी एका टोकाला जातात. काही जण दर सहा महिन्यांनी दुर्बीण घालून घेतात, तर काही जण ‘कॅन्सर नाही ना, मग झाले’ असे म्हणून फाईल कपाटात ठेवून देतात. दोन्हींत चूक आहे, कारण या अहवालाचा खरा अर्थ त्यातील एका शब्दावर ठरत नाही. बदल जठराच्या कोणत्या भागात आहे आणि किती पसरला आहे, यावर तो ठरतो.

अस्तरात नेमके काय बदलते?

जठराच्या आतील अस्तरात असंख्य सूक्ष्म ग्रंथी असतात. त्या आम्ल आणि पाचक रस तयार करतात. वर्षानुवर्षे दाह चालू राहिला की या ग्रंथी झिजून नाहीशा होऊ लागतात. यालाच अहवालात ‘अ‍ॅट्रॉफी’ म्हणतात. पुढे त्या रिकाम्या जागी जठराच्या पेशींऐवजी आतड्यासारख्या पेशी उगवतात. म्हणजे अस्तर असते जठरात, पण दिसते आतड्यासारखे. हाच इंटेस्टाइनल मेटाप्लेशिया. या पेशी कर्करोगाच्या नसतात. मात्र दीर्घकाळ इजा सोसलेल्या अस्तराची ती खूण असते.

हा क्रम प्रथम व्यवस्थित मांडला तो कोलंबियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरिया यांनी, १९७५ मध्ये. दाह, झीज, मेटाप्लेशिया, त्यानंतर डिस्प्लेशिया आणि अखेरीस कर्करोग अशी ती पायऱ्यांची मालिका आहे. दाहाचे सर्वांत मोठे कारण त्यानंतर सापडले. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू बहुधा बालपणीच पोटात शिरतो आणि उपचार न केल्यास आयुष्यभर मुक्काम करतो.

या मालिकेचा अर्थ प्रत्येक जण शेवटच्या पायरीपर्यंत जातो असा नाही. बहुतेक लोक मधल्याच पायरीवर आयुष्य काढतात.

धोका आकड्यांत

नेदरलँड्समध्ये अशा ९२,२५० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निदानानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत केवळ झीज असलेल्यांत दरवर्षी हजारात सुमारे एकाला जठराचा कर्करोग झाला. मेटाप्लेशिया असलेल्यांत हे प्रमाण हजारात सुमारे अडीच होते. सौम्य ते मध्यम डिस्प्लेशियात ते हजारात सहा होते, तर तीव्र डिस्प्लेशियात एकदम साठ. म्हणून अहवाल वाचताना ‘डिस्प्लेशिया नाही’ ही शेवटची ओळ सर्वांत मोलाची.

हे आकडे युरोपातील आहेत. आपल्याकडे चित्र प्रदेशागणिक बदलते. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे. या दोन्ही ठिकाणी जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मिझोराममधील ऐझॉलच्या मानाने कितीतरी कमी दिसते. हेलिकोबॅक्टरचा संसर्ग मात्र देशभर सर्रास आढळतो. त्यामुळे कर्जत-खालापूरच्या रहिवाशाने युरोपातील आकडा स्वतःला तंतोतंत लावू नये. व्यक्तीचा धोका अखेर तिच्या अस्तरातील बदलाच्या विस्तारावर, तंबाखूच्या सवयीवर आणि कुटुंबाच्या इतिहासावर अवलंबून राहतो.

तुकडे कोठून घेतले?

आता पुन्हा त्या गृहस्थांच्या अहवालाकडे वळू. त्यात तुकडे जठराच्या कोणत्या भागातले, हे लिहिलेलेच नव्हते. सगळे तुकडे एकाच बाटलीत टाकले होते. ज्या खात्यात रक्कम आहे पण कोणत्या गाळ्याची ते नमूद नाही, तसे हे झाले.

जठराचे येथे दोन भाग महत्त्वाचे. लहान आतड्याकडे उघडणारा खालचा भाग म्हणजे अँट्रम आणि मधला मोठा भाग म्हणजे बॉडी. केवळ अँट्रममध्ये सौम्य बदल असणे ही एक गोष्ट आणि दोन्ही भागांत तो पसरलेला असणे ही दुसरी. योग्य पद्धतीत अँट्रममधून दोन, बॉडीतून दोन आणि दोहोंच्या वळणावरून एक असे किमान पाच तुकडे घेतात आणि निदान अँट्रम व बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवितात. तपासणीपूर्वी ‘दोन्ही भागांचे तुकडे वेगळे पाठवाल ना?’ एवढे नम्रपणे विचारण्यास काहीच हरकत नसावी. मेटाप्लेशिया ‘कम्प्लीट’ आहे की ‘इन्कम्प्लीट’, हेही अहवालात आल्यास उपयोगी पडते. इन्कम्प्लीट प्रकारात धोका अधिक मानला जातो.

आधी जिवाणू, मग दुर्बीण

दुसऱ्या डॉक्टरांनी अहवाल पाहून सांगितले, “शेठ, हा कॅन्सर नाही. पण आधी जिवाणू आहे का ते पाहू.” पहिल्या बायोप्सीत जिवाणू दिसला नव्हता. तरीही तो नाही असे मानता येत नाही. बदललेल्या अस्तरावर हा जिवाणू फारसा राहत नाही आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तो चाचणीतून निसटतो. म्हणून त्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवडे बंद ठेवून श्वासाची किंवा शौचाची चाचणी करतात. या गृहस्थांची चाचणी सकारात्मक आली.

उपचार साधारण चौदा दिवसांचे असतात आणि त्यांत एकाहून अधिक प्रतिजैविके असतात. चोविहार पाळणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आरंभीच सांगावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी बसेल असे वेळापत्रक शक्य आहे का ते त्यांना पाहता येते. कॅप्सूलच्या जिलेटिन कवचाची अडचण असल्यास पर्यायी गोळीही तेव्हाच विचारावी. न सांगता रात्रीचा डोस गाळला तर जिवाणू पूर्ण मरत नाही आणि पुढच्या वेळी तेच औषध त्याच्यावर चालत नाही. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जिवाणू गेल्याची खात्री करावी लागते. हा टप्पा बहुतेक जण विसरतात. जिवाणू गेल्यावर दाह शमतो आणि झीज काही अंशी भरून येऊ शकते. मेटाप्लेशिया बहुधा तसाच राहतो, परंतु पुढील धोका कमी होतो.

बी-१२ चा इशारा

या गृहस्थांचे जीवनसत्त्व बी-१२ अनेक वर्षे कमी होते. ‘आपण शाकाहारी, म्हणून कमी’ असे घरात गृहीत धरले गेले होते. शाकाहारी कुटुंबांत हे कारण अनेकदा खरेही असते. पण रोज दूध-दही घेऊनही बी-१२ फार खाली जात असेल, गोळ्या थांबविताच पुन्हा घसरत असेल आणि सोबत लोहही कमी असेल, तर केवळ आहाराला दोष देऊ नये.

अन्नातील बी-१२ सुटे करण्यास जठरातील आम्ल लागते आणि ते शोषून घेण्यास बॉडीतील ग्रंथींचा एक खास घटक लागतो. बॉडीतील ग्रंथी झिजल्या की दोन्ही कमी पडतात. काहींत शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथींवर हल्ला करते. तेव्हा झीज बॉडीत असते आणि अँट्रम बहुधा वाचलेले असते. हा प्रकार रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीने ओळखण्यास मदत होते. अशांना बी-१२ इंजेक्शनने किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी द्यावे लागते आणि सुमारे तीन ते पाच वर्षांनी दुर्बिणीची तपासणी सुचविली जाते.

पुढची तारीख कोणती?

जिवाणू गेल्याची खात्री झाल्यावर त्या गृहस्थांची दुसरी एंडोस्कोपी झाली, या वेळी तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत. अँट्रम आणि बॉडी दोन्हींत मेटाप्लेशिया निघाला, डिस्प्लेशिया कोठेच नव्हता. युरोपीय तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार अशा विस्तृत बदलात दर तीन वर्षांनी तपासणी करावी. त्यांच्या आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झाला असता, तर हे अंतर एक ते दोन वर्षांवर आले असते. बदल केवळ अँट्रममध्ये असता, जिवाणू गेलेला असता, प्रकार इन्कम्प्लीट नसता आणि घराण्यात इतिहास नसता, तर नियमित तपासणीची गरजच नव्हती. अमेरिकी तज्ज्ञांचे २०२० चे मार्गदर्शन आणखी संयमी आहे. सरसकट सर्वांना दुर्बीण नको, अधिक धोका असलेल्यांनीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे, असे ते सांगते.

डिस्प्लेशिया आढळल्यास मात्र हा हिशेब लागू होत नाही. तेव्हा काचपट्ट्या आणि मेणातील तुकडे प्रयोगशाळेतून मागून दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावेत आणि अनुभवी केंद्रात लवकर पुन्हा तपासणी करावी. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि त्याच संस्थेचे खारघर येथील केंद्र कर्जत-खालापूरकरांच्या आवाक्यात आहे. तसेच वजन घटणे, गिळताना अडकणे, वारंवार उलटी, काळे शौच किंवा नव्याने झालेला रक्तक्षय दिसल्यास तीन वर्षांच्या तारखेची वाट पाहू नये.

त्या गृहस्थांच्या मुलाने फाईलच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहून ठेवल्या : बदल कोठे, जिवाणू कधी गेला, डिस्प्लेशिया नाही, पुढील तपासणी तीन वर्षांनी. तंबाखू बंद झाली, पापड-लोणच्याचे मीठ कमी झाले आणि बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. दिवाळीत नव्या वह्या येतात, तेव्हा ती तारीखही नव्या वहीत उतरविली जाते.