युरिया, अमोनियम आणि चौथा दिवस

अचलपूरच्या काळ्या, ओल्या जमिनीत कपाशीला दिलेला युरिया दोन टप्प्यांत बदलतो. युरिएज हे विकर त्याचं अमोनियम करतं. मग जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात. मधला नायट्राइटचा मुक्काम सहसा अल्पकाळाचा, म्हणून तो इथे सोडून देऊ.

प्रत्येक टप्प्याचा वेग शिल्लक पदार्थाच्या प्रमाणात असतो असं धरलं आणि शिल्लक युरियातल्या नत्राला A म्हटलं, तर अमोनियम (B) वाढतं k1·A या वेगाने आणि घटतं k2·B या वेगाने. सुरुवातीला युरियातलं नत्र A₀ आणि अमोनियम शून्य असेल, तर समीकरण सोडवून मिळतं:

B = A₀·k1/(k1−k2)·(e^(−k2·t) − e^(−k1·t))

शिखरावर आवक आणि जावक सारखी होते. ती वेळ:

t = ln(k1/k2)/(k1−k2)

उदाहरणासाठी k1 = 0.7 आणि k2 = 0.1 प्रतिदिन धरू. ln 7 म्हणजे 1.946, त्याला 0.6 ने भागलं की 3.24 दिवस. म्हणजे चौथ्या दिवशी युरियातल्या नत्रापैकी सुमारे 72 टक्के अमोनियमच्या रूपात असेल. आपली काळी जमीन बहुधा विम्लधर्मी. त्यामुळे युरिया वरवर फेकला असेल, तर याच सुरुवातीच्या दिवसांत अमोनिया वायू होऊन उडतो.

गंमत पुढे आहे. k1 आणि k2 यांची अदलाबदल केली, तरी शिखराची वेळ तीच राहते, उंची मात्र जेमतेम 10 टक्क्यांवर येते! त्यामुळे संथ टप्पा कोणता, हे नुसत्या वेळेवरून ठरत नाही. मातीतलं अमोनियम मोजावंच लागतं. दोन्ही स्थिरांक समान असतील, तर सूत्र 0/0 वर अडकतं. तेव्हा शिखर 1/k वेळेला येतं.